सामना संपल्यानंतर: बर्फ, मालीश आणि स्ट्रेचिंग यांच्या अभ्यासात शिरताना

शेवटची शिटी वाजली की मैदानाच्या कडेला तीन गोष्टी ठरल्यासारख्या सुरू होतात. कोणी बर्फाच्या पाण्यात कमरेपर्यंत उतरते, कोणी बाकावर पालथे पडून पोटऱ्या चोळून घेते, आणि बाकीचे रिंगण करून मांड्यांचे स्नायू ताणत बसतात. मोठ्या फुटबॉल क्लबांत हे चालते तसे आपल्याकडच्या जिल्हा पातळीवरच्या कबड्डी संघांतही चालते. टबाच्या जागी निळे पिंप येते, इतकाच फरक. का करता असे विचारले, तर तिन्हींसाठी एकच उत्तर मिळते: रिकव्हरीसाठी. या तिन्ही उपायांमागचा पुरावा मात्र सारखा नाही. एकाचा परिणाम जवळजवळ शून्य आहे, दुसऱ्याचा मुख्यतः बरे वाटण्यापुरता आहे, आणि तिसऱ्याचा खरा असला तरी दुधारी आहे. हा फरक कसा कळला आणि तो कळवून देणाऱ्या चाचण्या कुठे तोकड्या पडतात, हे या क्षेत्रात नव्याने येणाऱ्या विद्यार्थ्याला, प्रशिक्षकाला आणि खेळाडूला उमगावे, यासाठी ही प्रस्तावना.

वाचकाने दोन प्रश्न सतत जवळ ठेवावेत. कोणतीही चाचणी समोर आली की विचारावे: तुलना कशाशी केली, आणि मोजले काय? या क्षेत्रातले बहुतेक वाद या दोन प्रश्नांपाशी येऊन सुटतात, निदान कशाबद्दल वाद आहे ते तरी स्पष्ट होते.

आधी सामन्यात शरीराचे होते काय ते पाहू. स्नायूंतला ग्लायकोजेनचा साठा उतरतो, घामावाटे पाणी आणि मीठ जाते, शरीर तापते, आणि काही स्नायुतंतूंना सूक्ष्म इजा होते. मैदानावर ज्याच्या नावाने सगळे खडे फोडतात ते लॅक्टिक ॲसिड या यादीत नाही. जोरदार श्रमांत रक्तातले लॅक्टेट वाढते हे खरे, पण साधारण तासाभरात ते आपोआप पूर्वपदावर येते. हलके चालत राहिले तर आणखी लवकर येते. दुसऱ्या दिवशी जिना उतरताना मांड्या ठणकतात तेव्हा ते कधीच गेलेले असते. १९८३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी प्रयोगाने हे फार सुटसुटीत दाखवले. धावपटूंना ट्रेडमिलवर ४५ मिनिटे पळवले, काहींना सपाट पट्ट्यावर, काहींना उतारावर. सपाटीवर पळणाऱ्यांचे लॅक्टेट वाढले, पण नंतर अंग दुखले नाही. उतारावर पळणाऱ्यांचे लॅक्टेट फारसे वाढलेच नाही, आणि दुखणे मात्र त्यांच्याच वाट्याला आले.

उतारावर स्नायू लांबत असतानाच जोर लावून शरीराला आवरत असतो. चढाई करणारा खेळाडू मध्यरेषेकडे झेपावण्याआधी पाय रोवून थांबतो तेव्हा, किंवा बैठक मारणारा मल्ल खाली बसतो तेव्हा हेच घडते. अशा ताणात तंतूंची आतली रचना ठिकठिकाणी विस्कटते, मग सूज आणि दुरुस्ती सुरू होते, आणि २४ ते ७२ तासांच्या दरम्यान दुखणे कळसाला पोचते. मांड्या भरून येणे म्हणतात ते हेच. थिओडोर हफ या शरीरशास्त्रज्ञाने १९०२ सालीच असे सुचवले होते की हे उशिरा येणारे दुखणे थकव्याचे नसून स्नायूच्या आतल्या फाटण्याचे असावे. त्याचे म्हणणे मागे पडले आणि लॅक्टिक ॲसिडची गोष्ट मैदानावर रुजली.

सामन्यानंतरच्या स्ट्रेचिंगचे मूळही अशाच एका जुन्या सिद्धांतात आहे. १९६१ च्या सुमारास हर्बर्ट डी व्हरीस या अमेरिकी संशोधकाने मांडले की व्यायामानंतर स्नायू आकसून राहतो, त्याचा रक्तपुरवठा अडतो, म्हणून तो दुखतो. तो ताणून मोकळा केला की दुखणे थांबेल. तर्क देखणा होता. पुढे दुखऱ्या स्नायूंत अशी सततची आकसण सापडली नाही आणि सिद्धांत गळून पडला, पण त्यातून निघालेला उपाय सवय म्हणून टिकला. २०११ च्या कोक्रेन आढाव्यात स्ट्रेचिंग आणि अंगदुखी यांवरच्या १२ चाचण्या एकत्र तपासल्या आहेत. व्यायामानंतर ताणल्याने दुसऱ्या दिवशीचे दुखणे शंभर गुणांच्या मोजपट्टीवर सरासरी सुमारे एका गुणाने कमी झाले. एवढा फरक कोणत्याही खेळाडूला जाणवणार नाही.

त्या आढाव्यातली सगळ्यात मोठी चाचणी नॉर्वे आणि ऑस्ट्रेलियात इंटरनेटच्या मदतीने झाली होती. तिच्यात २,३७७ जण होते. निम्म्यांनी बारा आठवडे व्यायामाच्या आधी आणि नंतर पाय व धडाचे सात ताण दिले, निम्म्यांनी दिले नाहीत. दुखापतींच्या एकूण प्रमाणात फरक पडला नाही. त्रासदायक दुखणे मात्र ताण देणाऱ्यांत थोडे कमी नोंदले गेले. इथे दुसरा प्रश्न उपयोगी पडतो. दुखणे खेळाडूने स्वतः सांगितलेले होते, आणि आपण ताण देतो की नाही हे प्रत्येकाला ठाऊक होते. म्हणजे तो फरक स्नायूतला असेल किंवा अपेक्षेतला. या चाचणीवरून ते ठरत नाही. व्यायामानंतर दिलेल्या ताणांमुळे ताकद लवकर परत येते असेही पुढच्या आढाव्यांत दिसले नाही. सामन्यानंतर रिंगणात बसून ताण देण्याने नुकसान होत नाही. सांध्यांची लवचिकता वाढवायची असेल तर नियमित स्ट्रेचिंग करावेच, पण ते काम वेगळे आणि त्याचे मोजमापही वेगळे.

मालीश हा विषय आपल्याकडे जिव्हाळ्याचा. कोल्हापूरच्या तालमींत मल्लांनी एकमेकांची मालीश करणे हा मेहनतीचाच भाग समजला जातो. क्रीडाशास्त्राने मालिशीची दोन अंगांनी तपासणी केली आहे. शेफील्डच्या संशोधकांनी २०२० साली २९ चाचण्या आणि १,०१२ सहभागी यांचा आढावा घेतला. मालिशीने ताकद, उडी, वेग किंवा दमसास सुधारल्याचा पुरावा मिळाला नाही. लवचिकता किंचित वाढली आणि उशिरा येणारे दुखणे थोडे पण निश्चित कमी झाले. निरनिराळ्या उपायांची एकमेकांशी तुलना करणाऱ्या २०१८ च्या एका आढाव्यात तर दुखणे आणि थकल्याची जाणीव कमी करण्यात मालीश सर्वांत वर आली. या निष्कर्षांत विरोध नाही. एकात कामगिरी मोजली, दुसऱ्यात जाणीव.

दुसरे अंग स्नायूच्या आतले. कॅनडात २०१२ साली ११ तरुणांना दमेपर्यंत सायकल चालवायला लावून प्रत्येकाच्या एकाच पायाची दहा मिनिटे मालीश केली आणि दोन्ही मांड्यांतून स्नायूचे बारीक तुकडे काढून तपासले. रचना हुशारीची आहे, कारण इथे प्रत्येकाची तुलना त्याच्या स्वतःच्याच दुसऱ्या पायाशी होते. मालीश केलेल्या पायात दाहाचे संकेत कमी होते, पण लॅक्टेट किंवा ग्लायकोजेनमध्ये फरक नव्हता. त्याआधी २०१० साली कॅनडातल्याच आणखी एका गटाने दाखवले होते की मालिशीचा दाब पडत असताना स्नायूचा रक्तप्रवाह अडतो आणि लॅक्टेट बाहेर जाण्याचा वेग उलट कमी होतो. म्हणजे "चोळून ॲसिड बाहेर काढतो" हे खरे नाही; "चोळल्यावर बरे वाटते" हे खरे आहे, आणि त्यामागे काही रासायनिक आधारही असू शकतो. एक धोका मात्र ध्यानात ठेवावा. कबड्डीत किंवा कुस्तीत मांडीवर जोराचा मार बसून स्नायूत रक्त साकळले असेल, तर पहिले काही दिवस त्या जागी मालीश करू नये. रक्तस्राव वाढतो, आणि क्वचित त्या स्नायूत हाडासारखा कठीण भाग तयार होतो. मांडी दिवसागणिक मऊ होण्याऐवजी कडक होत असेल आणि गुडघा कमी कमी वाकत असेल, तर तेल बाजूला ठेवून डॉक्टरांना दाखवावे.

आता बर्फ. या क्षेत्राची खरी कसोटी इथे लागते. २०१२ च्या कोक्रेन आढाव्यात थंड पाण्यात बसण्यावरच्या १७ छोट्या चाचण्या होत्या, सगळ्या मिळून ३६६ जण. पाणी बहुतेक ठिकाणी १० ते १५ अंश सेल्सिअस होते. नुसत्या विश्रांतीच्या तुलनेत पुढचे चार दिवस दुखणे कमी राहिले. निष्कर्ष आशादायक दिसतो, पण पहिला प्रश्न विचारून पाहा. तुलना होती ती मुख्यतः काहीच न करण्याशी. बर्फाच्या पाण्यात बसलेल्याला आपण बर्फात बसलो आहोत हे कळू न देण्याची सोय कुठून आणायची? औषधाच्या चाचणीत साखरेची गोळी देता येते, खोटे थंड पाणी देता येत नाही.

मेलबर्नमधल्या एका गटाने २०१४ साली या अडचणीवर उपाय शोधला. तीस तरुणांनी सायकलवर अर्ध्या मिनिटाच्या चार जीवतोड फेऱ्या मारल्या आणि मग ते तीन गटांत पंधरा मिनिटे पाण्यात बसले. पहिल्या गटाला सुमारे १० अंशांचे पाणी मिळाले, दुसऱ्याला सुमारे ३५ अंशांचे साधे कोमट पाणी. तिसऱ्या गटाचे पाणीही कोमटच होते, पण त्यात त्यांच्या डोळ्यांदेखत एक द्रव ओतला गेला. हे रिकव्हरीसाठीचे खास तेल आहे आणि ते बर्फाइतकेच गुणकारी आहे, असे त्यांना नीट समजावून सांगितले होते. प्रत्यक्षात तो त्वचा स्वच्छ करण्याचा साधा द्रव होता. पुढच्या दोन दिवसांत पायांची ताकद मोजली. "तेल" मिळालेल्यांची ताकद साध्या कोमट पाण्यातल्यांपेक्षा चांगली परतली आणि बर्फातल्यांच्या बरोबरीने राहिली. विशेष म्हणजे इथे नुसती जाणीव मोजली नव्हती, यंत्रावर लावलेला जोर मोजला होता. विश्वासाने तो जोरही बदलला.

यावरून बर्फ निरुपयोगी ठरतो का? नाही. थंडीने कातडीजवळच्या रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, नसांतून वेदनेचे संदेश मंदावतात, तापलेले शरीर खरोखर थंड होते. या प्रयोगाने एवढेच दाखवले की बर्फाच्या फायद्याचा मोठा हिस्सा अपेक्षेतून येत असावा. शिवाय बर्फामुळे स्नायूतला दाह कमी होतो, हे गृहीतकही पुढे डळमळले. ऑस्ट्रेलियात झालेल्या आणि २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात वजनांच्या व्यायामानंतर थंड पाण्यात बसलेल्यांचे आणि हलकी सायकल चालवलेल्यांचे स्नायू आतून तपासले, तेव्हा दाहाच्या खुणांत फरक आढळला नाही.

दुधारीपणाचा मुद्दा येतो तो ब्रिस्बेनच्या २०१५ सालच्या कामातून. २१ पुरुषांनी बारा आठवडे, आठवड्यातून दोनदा, पायांची ताकद वाढवणारा व्यायाम केला. प्रत्येक सत्रानंतर एक गट दहा मिनिटे १० अंशांच्या पाण्यात बसला, दुसऱ्याने तेवढाच वेळ हलकी सायकल चालवली. शेवटी बर्फातल्या गटाची स्नायूंची वाढ आणि ताकद दोन्ही कमी भरली. स्नायूच्या तुकड्यांतही वाढीचे संदेश आणि दुरुस्तीला धावणाऱ्या पेशींची हालचाल मंद झालेली दिसली. व्यायामानंतरची गडबड ही शरीराला दिलेली वाढीची सूचना असते; दर वेळी ती गार पाण्याने दाबली तर वाढच कमी होते. दमसासाच्या सरावावर असा वाईट परिणाम आढळलेला नाही. म्हणून आज जाणकार बर्फाचा निर्णय वेळापत्रकावर सोपवतात. उद्या सामना असेल तर बर्फाला अर्थ आहे. स्पर्धा तीन महिन्यांवर असेल आणि ताकद कमवायची असेल, तर वजनांच्या सत्रानंतर बर्फापासून लांब राहावे.

हे सगळे एका प्रसंगावर लावून पाहू. समजा, मे महिन्यात दोन दिवसांची कबड्डी स्पर्धा आहे. शनिवारी सकाळी आणि संध्याकाळी साखळी सामने, रविवारी सकाळी उपांत्य, संध्याकाळी अंतिम. सकाळचा सामना संपल्यावर पहिले काम खाण्यापिण्याचे. दर किलो वजनामागे तासाला एक ग्रॅमच्या आसपास कर्बोदके पहिले काही तास मिळत राहिली, तर ग्लायकोजेन सर्वांत वेगाने भरतो. ६५ किलोच्या खेळाडूला पहिल्या तासात दोन केळी आणि साखर-मीठ घातलेले ग्लासभर लिंबू सरबत पुरते, पुढे भात आहेच. मग सावली आणि जमलीच तर झोप. बर्फाचा विचार यानंतर.

बर्फाचे गणित मैदानावर सहसा चुकते. पिंपात १५० लिटर पाणी आहे आणि उन्हाने ते ३० अंशांवर आहे असे धरू. त्यात दहा किलो बर्फ टाकला तर पाणी जेमतेम २३ अंशांवर येते. खेळाडूला ते गार लागते, पण चाचण्यांत वापरलेले पाणी ते नव्हे. १२ अंशांच्या आसपास आणायला सुमारे ३० किलो बर्फ लागतो, तोही फोडून, पाणी ढवळत. म्हणून हाताने अंदाज न घेता थर्मामीटर बुडवावा, आणि एक खेळाडू बाहेर आला की पुन्हा बघावे, कारण प्रत्येक अंग पाणी तापवते. दहा-बारा मिनिटे, कमरेपर्यंत, जवळ कोणीतरी उभे असताना. अनावर हुडहुडी भरली, बोलणे अडखळू लागले किंवा छातीत धडधडले, तर लगेच बाहेर. हृदयाचा किंवा रक्तदाबाचा त्रास असलेल्याने यात उतरूच नये. मॅटवर गुडघे खरचटलेल्या खेळाडूंनी एकामागोमाग त्याच पाण्यात बसणे म्हणजे संसर्गाला आमंत्रण.

वेळही महत्त्वाची. गार पडलेल्या स्नायूतून लगेच झटका मिळत नाही, म्हणून पुढचा सामना तासाभरात असेल तर मांड्या बर्फात घालू नयेत. या स्पर्धेत बर्फाची योग्य जागा शनिवारी संध्याकाळच्या सामन्यानंतर, कारण सकाळपर्यंत दुखणे थोडे कमी झाले तरी उपयोग आहे. रविवारी सकाळी व्यवस्थित वॉर्म-अप करून उतरावे. अंतिम सामन्यानंतर, पुढची स्पर्धा महिन्यावर असेल तर, बर्फाची गरज उरत नाही. मालीश कोणाला हवीच असेल तर रात्री, हलक्या हाताने, मार लागलेली जागा सोडून.

याच मैदानावर एक प्रसंग असा येऊ शकतो की थंड पाणी ही सवय नसून उपचार असतो. खेळाडू उन्हात कोसळला, बरळू लागला, अंग चटका बसावा इतके तापले, तर तो उष्माघात समजावा. तिथे मिनिटे मोजायची नसतात. डोके पाण्याबाहेर धरून त्याला त्याच पिंपात बसवावे, रुग्णवाहिका बोलवावी, आणि आधी थंड करून मग हलवावे. या उपयोगाबद्दल पुराव्यात दुमत नाही.

पुराव्याच्या मर्यादाही ओळखून असावे. बहुतेक चाचण्यांत मोजकेच लोक आहेत, आणि ते बहुधा तरुण पुरुष आहेत. स्त्री खेळाडूंवरचे काम कमी आहे. व्यायाम प्रयोगशाळेतल्या सायकलीवर किंवा वजनांनी करून घेतलेला आहे, त्यात अंगावर आदळणारा प्रतिस्पर्धी नाही आणि मे महिन्याचे ऊनही नाही. दहा चाचण्यांची सरासरी एका संघातल्या बारा जणांना जशीच्या तशी लागू होत नाही.

म्हणून प्रत्येक संघाने स्वतःची वही ठेवावी. रोज सकाळी खेळाडूने दुखणे शून्य ते दहात सांगावे आणि मग भिंतीपाशी उभे राहून, बोटांना खडू लावून, तीन उड्या माराव्यात; सर्वांत वरची खूण मोजावी. एका स्पर्धेत निम्म्यांनी बर्फ घ्यावा आणि निम्म्यांनी पंधरा मिनिटे चालावे, पुढच्या स्पर्धेत उलट. दुखणे कमी आणि उडीही परतलेली, असे बर्फातल्यांच्याच नावापुढे वारंवार आले, तर त्या संघाला बर्फ मानवला. दुखणे कमी पण उडी तशीच खाली, असे दिसले तर खेळाडूला बरे वाटते आहे, पाय मात्र अजून सावरलेले नाहीत. अशा खेळाडूला स्वतःच्या शब्दावर पूर्ण जोराने चढाईला पाठवू नये. त्याचे दुखणे झाकले गेले आहे, भरून आलेले नाही.